क्रमांक तोच, कंपनी नवी. पण सीमेवरचा फोन बंद का पडतो?

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 65 उमरग्यानंतर महाराष्ट्राची हद्द सोडतो, बसवकल्याण आणि हुमनाबाद तालुक्यांतून पुढे जातो आणि जहिराबादच्या दिशेने तेलंगणात शिरतो. प्रवाशाला दोन राज्यसीमा दिसतात. त्याच्या खिशातील मोबाईल मात्र वेगळ्याच नकाशावर चालत असतो. दूरसंचार विभागाने देशाची 22 परिमंडळांत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'सर्कल'मध्ये, विभागणी केली आहे. उमरगा महाराष्ट्र व गोवा सर्कलमध्ये येते, बीदर व कलबुर्गी कर्नाटक सर्कलमध्ये, तर जहिराबाद आजही आंध्र प्रदेश सर्कलमध्येच आहे, कारण तेलंगण वेगळे झाले तरी दूरसंचाराचा नकाशा बदलला नाही. गोव्याच्या वाचकांना हे सहज ध्यानात येईल. आपला पणजीचा क्रमांक आणि लातूरचा क्रमांक दूरसंचाराच्या लेखी एकाच घरचे आहेत; मोले ओलांडून अनमोडला पोहोचताच मात्र आपण परक्या सर्कलमध्ये जातो.

या तीन सर्कलच्या सांध्यावर औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि अफजलपूर या तालुक्यांतील मराठी माणसे राहतात. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेने जिल्हा विभागला, नाती मात्र विभागली गेली नाहीत. माहेर उदगीरकडे आणि सासर भालकीला, शेती औरादला आणि बाजार देगलूरला, असा येथील रोजचा व्यवहार आहे. त्यामुळे एका राज्यात घेतलेला मोबाईल क्रमांक दुसऱ्या राज्यात वर्षानुवर्षे वापरला जाणे येथे नवलाचे नाही. तोच क्रमांक बँकेत, आधारमध्ये, गॅसच्या नोंदणीत आणि मुलांच्या शाळेत दिलेला असतो. तो बदलणे म्हणजे अर्धे आयुष्य पुन्हा नोंदवणे होय.

म्हणूनच क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय, जिला बोलीभाषेत 'पोर्ट करणे' म्हणतात, या भागात विशेष महत्त्वाची ठरते. 20 जानेवारी 2011 रोजी ही सोय देशभर लागू झाली, पण ती एका सर्कलपुरतीच होती. महाराष्ट्राचा क्रमांक कर्नाटकच्या कंपनीकडे नेता येऊ लागला तो 3 जुलै 2015 पासून. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा काही महिने बीएसएनएलकडे ग्राहकांचा ओघ वाढला होता. अशा प्रत्येक लाटेनंतर सीमाभागात एकच तक्रार ऐकू येते. क्रमांक बदलून घेतला, पण शेतात गेले की इंटरनेट बंद पडते, बँकेचा संदेश येत नाही, म्हाताऱ्या वडिलांच्या फोनची घंटी वाजत नाही. दोष नव्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ फोनच्या सेटिंगमध्ये, हँडसेटच्या मर्यादेत किंवा सर्कलच्या सीमेत असते. हे वेगळे कसे ओळखायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

अर्जाआधीचे चार दिवस

एक कल्पित उदाहरण घेऊ. भालकी तालुक्यातील एका गृहिणीकडे लग्नापूर्वी उदगीरला घेतलेला प्रीपेड क्रमांक आहे. सध्याच्या कंपनीचा टॉवर गावापासून लांब असल्याने घरात आवाज तुटतो. गावाजवळ दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर आहे. तिला क्रमांक तोच ठेवून त्या कंपनीच्या कर्नाटक सर्कलमध्ये जायचे आहे.

पहिली पायरी म्हणजे जुन्या सिमवरून एक संदेश पाठवणे. `PORT` लिहून, एक जागा सोडून, आपला दहा अंकी क्रमांक लिहायचा आणि तो `1900` वर पाठवायचा. रिचार्ज अगदी लहान रकमेचा असेल आणि त्यात संदेश पाठवण्याची सोय नसेल तरीही हा एक संदेश जाऊ दिला पाहिजे, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर 2021 मध्ये कंपन्यांना दिलेला आहे. त्यामुळे 'आधी मोठा रिचार्ज करा, मगच पोर्ट होईल' असे दुकानदार सांगत असेल, तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

उत्तरादाखल आठ अक्षर-अंकांचा एक संकेतांक येतो. त्याला यूपीसी म्हणतात. 16 डिसेंबर 2019 पासून हा संकेतांक पात्रता तपासूनच दिला जातो. म्हणजे सध्याच्या कंपनीकडे क्रमांक घेऊन 90 दिवस झाले आहेत का, पोस्टपेडचे देयक थकले आहे का, मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित आहे का, हे सारे आधीच पाहिले जाते. संकेतांक आला नाही तर नकाराचे कारण संदेशात लिहिलेले असते आणि तेच दूर करावे लागते. 1 जुलै 2024 पासून आणखी एक अट आली आहे. सिम हरवल्यामुळे किंवा खराब झाल्यामुळे नुकतेच बदलून घेतले असेल, तर त्यानंतर सात दिवस संकेतांक मिळत नाही. दुसऱ्याच्या नावाचे सिम फसवून काढायचे आणि लगेच क्रमांक पळवायचा, या गुन्ह्याला आळा घालण्यासाठी ही अट आहे. तिचा थोडा त्रास प्रामाणिक ग्राहकालाही सोसावा लागतो.

कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही सर्कलमध्ये संकेतांकाची मुदत चार दिवसांची आहे. आपल्या उदाहरणातील गृहिणीने तो सोमवारी मागवला आणि दुकानात जाण्यासाठी पुढच्या रविवारच्या बाजाराची वाट पाहिली, तर संकेतांक बाद होईल आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून दुकानात जायचे ठरल्यावरच संदेश पाठवावा. हा संकेतांक म्हणजे घराची किल्ली आहे. तो दुकानातील अर्जाव्यतिरिक्त कोणालाही, फोनवर 'कंपनीतून बोलतो' म्हणणाऱ्यालाही, सांगू नये.

दुकानात ओळखपत्राची पडताळणी होऊन नवे सिम मिळते. एकाच सर्कलमध्ये कंपनी बदलायची असेल तर तीन कामकाजाचे दिवस लागतात. सर्कल बदलायचे असेल तर पाच. गृहिणीचा क्रमांक महाराष्ट्र सर्कलमधून कर्नाटकात जात असल्याने तिने पाच दिवस धरावेत आणि मध्ये सुट्टी आली तर आणखी थोडे. मन बदलले तर अर्ज केल्यापासून 24 तासांच्या आत `CANCEL` आणि आपला क्रमांक असा संदेश `1900` वर पाठवून अर्ज मागे घेता येतो. जुने सिम या काळात चालूच राहते आणि ते फोनमध्येच ठेवावे. जुन्या कंपनीकडील उरलेली रक्कम व मुदत मात्र बदलानंतर बुडते. म्हणून या आठवड्यात तीन महिन्यांचा रिचार्ज करणे शहाणपणाचे नाही. पोस्टपेड ग्राहकाने शेवटचे देयकही भरावे. ते थकवले तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून तोच क्रमांक बंद करवून घेऊ शकते. पुढे महिन्याभराने अचानक सेवा थांबली की ग्राहकाला त्याचे कारणच उमगत नाही.

सिम बदलण्याची वेळ

नवी कंपनी बदलाचा दिवस आणि वेळ संदेशाने कळवते. त्या वेळी जुन्या सिमवर सिग्नल नाहीसा होतो आणि साधारण चार तासांपर्यंत सेवा खंडित राहू शकते. जुने सिम मृत झाले, हीच नवे सिम घालण्याची खूण. त्याआधी नवे सिम घालून 'चालत नाही' म्हणत दुकानात चकरा मारण्यात अर्थ नाही. सिम काढण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. जुन्या फोनमध्ये अनेकांची नावे-क्रमांक सिमवरच साठवलेली असतात. ती फोनमध्ये उतरवून घेतली नाहीत तर सिमबरोबर जातात.

नवे सिम घालून फोन एकदा बंद करून सुरू करावा. नव्या कंपनीचे नाव पडद्यावर आले की तिच्या सूचनेप्रमाणे पडताळणीचा फोन करून सेवा सुरू करून घ्यावी. त्यानंतरची तपासणी एका ठराविक क्रमाने केली, तर बिघाड कोठे आहे हे घरबसल्या कळते.

आधी आवाज, मग इंटरनेट

आधी बोलणे तपासावे. वेगवेगळ्या कंपन्यांचे क्रमांक असलेल्या दोन-तीन नातेवाइकांना आपल्याला फोन करायला सांगावे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पोर्ट करण्याची सोय येण्यापूर्वी क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून कंपनी ओळखता येत असे. आता तसे राहिले नाही. म्हणून फोन लावणाऱ्याची कंपनी दरवेळी पोर्ट झालेल्या क्रमांकांची आपल्याजवळील यादी पाहते आणि फोन कोणाकडे पाठवायचा ते ठरवते. क्रमांक बदलला की ही यादी प्रत्येक कंपनीकडे अद्ययावत व्हावी लागते. सगळ्यांचे फोन येतात, पण एकाच कंपनीच्या ग्राहकांचे येत नाहीत, असे दिसले तर दोष आपल्या फोनमध्ये नाही आणि बहुधा नव्या कंपनीतही नाही. त्या एका कंपनीची यादी जुनी राहिली आहे. कोणत्या क्रमांकावरून, किती वाजता फोन लावला आणि काय ऐकू आले, हे लिहून नव्या कंपनीच्या तक्रार केंद्राला द्यावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. नुसते 'फोन लागत नाही' म्हटल्याने ही चूक सापडत नाही.

कोणाचाच फोन येत नसेल तर हँडसेटकडे पाहावे. जिओकडे 2जी व 3जी सेवा नाही. तिथे बोलणेही 4जीच्या जाळ्यावरून, म्हणजे व्होल्टे पद्धतीने, चालते. वडिलांकडे बटणांचा जुना 2जी फोन असेल तर अशा कंपनीत गेल्यावर त्याची घंटी वाजणार नाही, मग टॉवर अंगणात का असेना. आधुनिक फोनमध्येही व्होल्टेचा पर्याय प्रत्येक सिमसाठी वेगळा असतो आणि नव्या सिमसाठी तो बंद असू शकतो. इंटरनेट चालते, पण फोन लावताच तुटतो किंवा 4जीची खूण जाऊन 2जी येते, असे झाले तर सर्वप्रथम हा पर्याय पाहावा.

बोलणे सुरळीत झाले की इंटरनेट पाहावे. फोनला कोणत्या दारातून इंटरनेटकडे जायचे हे सांगणारे एक नाव सेटिंगमध्ये असते. त्याला एपीएन म्हणतात. बहुतेक फोन ते आपोआप भरतात, पण जुन्या कंपनीसाठी कोणी हाताने भरलेले नाव तसेच राहिले तर सिग्नल पूर्ण दिसूनही पान उघडत नाही. जिओसाठी ते `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com` आणि कर्नाटकातील बीएसएनएलसाठी `bsnlnet` असते. हाताने बदलणे अवघड वाटत असेल तर त्याच पानावरील मूळ स्थितीला नेण्याचा पर्याय निवडावा.

सीमेवरची खरी मेख

गावात सारे ठीक चालते आणि औरादच्या पश्चिमेला किंवा आळंदहून उमरग्याकडे जाताना मध्येच इंटरनेट थांबते, हा सीमाभागाचा खास अनुभव आहे. त्याचे कारण असे. एकाच कंपनीचे जाळे प्रत्येक सर्कलमध्ये वेगळ्या सांकेतिक अंकाने ओळखले जाते. एअरटेलचे कर्नाटकातील जाळे 404-45 आणि महाराष्ट्र व गोव्यातील 404-90 असे आहे. टॉवर गावाच्या हद्दी पाळत नाहीत. शेताच्या बांधावर पलीकडच्या सर्कलचा टॉवर जास्त जोरकस असेल, तर फोन तो पकडतो. कंपनी तीच असली तरी फोनच्या लेखी आपण बाहेरगावी, म्हणजे रोमिंगवर, गेलेलो असतो. अनेक फोनमध्ये रोमिंगवर इंटरनेट वापरण्याचा `Data roaming` हा पर्याय मुळात बंद असतो. जुन्या सिमसाठी तो कधीकाळी कोणी चालू करून दिलेला असतो; नवे सिम आले की तो पुन्हा बंद. बोलणे चालते, इंटरनेट थांबते आणि माणूस म्हणतो, 'नवी कंपनी वाईट'.

याची परीक्षा सोपी आहे. सिग्नलच्या रेषांजवळ आर हे अक्षर दिसते का पाहावे, किंवा त्याच जागी उभे राहून `Data roaming` चालू करून बघावे. इंटरनेट सुरू झाले तर रोग सापडला. कंपन्यांच्या नेहमीच्या अमर्याद बोलण्याच्या योजनांत देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही आपल्या योजनेची अट एकदा वाचून हा पर्याय कायम चालू ठेवावा. जाळ्याची निवड आपोआप होण्यावरच ठेवावी. हाताने एक जाळे निवडून ठेवले, तर सीमा ओलांडताच फोन मुका होतो.

आपल्या उदाहरणातील गृहिणीचा फायदा इथेच आहे. महाराष्ट्राच्या क्रमांकावर ती भालकीत कायम रोमिंगवर होती. कर्नाटक सर्कलमध्ये आल्यावर घरी ती स्वगृही आहे आणि माहेरी गेली की रोमिंगवर. दिवसाचा बहुतेक वेळ जिथे जातो, तेथील सर्कल घ्यावे, हा साधा हिशेब. कंपनी निवडताना मात्र जाहिरातीपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. ट्रायच्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर 2जी, 4जी, 5जी सेवा कोठवर पोहोचते याचे नकाशे द्यायचे असतात. त्यात आपले गाव पाहावे. आणि त्या कंपनीचे सिम असलेला शेजारी घरात बोलावून, दार लावून, स्वयंपाकघरातून एक फोन लावून पाहावा. नकाशा भिंतींची जाडी जाणत नाही.

पैशाचे व्यवहार

क्रमांक तोच असल्याने बँकेत किंवा आधारमध्ये काही कळवावे लागत नाही. परंतु यूपीआयची अॅप क्रमांकाबरोबरच फोनमधील सिम ओळखतात. सिम बदलले की ती पुन्हा नोंदणी मागतात आणि त्यासाठी त्याच सिमवरून बँकेकडे एक संदेश आपोआप पाठवतात. रिचार्जमध्ये संदेशाची सोय नसेल, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये संदेश भलत्याच सिमवरून गेला, तर नोंदणी पूर्ण होत नाही. ही अडचण बँकेची नसते. नव्या नोंदणीनंतर पहिला दिवसभर रकमेची मर्यादा कमी असू शकते. म्हणून खताचे किंवा फीचे मोठे पैसे त्याच दिवशी यूपीआयने द्यायचे ठरवू नये.

बँकेच्या ओटीपीचे संदेश बदलानंतर पहिला एखादा दिवस उशिरा येऊ शकतात, कारण असे संदेश पाठवणाऱ्या यंत्रणांनाही आपला क्रमांक नव्या घरी गेल्याची वार्ता पोहोचावी लागते. कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये खात्यात आल्याचा संदेश आला नाही, तर घाबरून न जाता पासबुक भरून घ्यावे. पैसे क्रमांकावर नव्हे, खात्यावर येतात. दोन-तीन दिवसांनंतरही एकाच बँकेचे संदेश येत नसतील, तर मात्र त्या बँकेकडे तक्रार करावी.

पुढच्या रिचार्जच्या वेळी आणखी एक फसगत होते. रिचार्जची अॅप काही वेळा क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून कंपनी व सर्कल स्वतःच भरतात. आपल्या गृहिणीच्या क्रमांकापुढे जुन्या कंपनीचे नाव आणि 'महाराष्ट्र व गोवा' असे दिसले आणि तिने तसेच पैसे भरले, तर व्यवहार अडकून पडू शकतो. कंपनी आणि सर्कल ही दोन्ही नावे वाचून, चुकीची असल्यास बदलूनच पैसे भरावेत.

आपल्या नावावर किती सिम?

शेवटची तपासणी फोनची नसून आपल्या नावाची आहे. अर्जाच्या वेळी दुकानात छायाचित्र व ओळखपत्राची पडताळणी होते. 'पहिला फोटो नीट आला नाही' असे सांगून ती दोनदा करून घेतली गेली, तर दुसऱ्या पडताळणीवर वेगळेच सिम निघण्याचा धोका असतो. मे 2023 मध्ये दूरसंचार विभागाने सुरू केलेल्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावरील सर्व मोबाईल जोडण्या पाहता येतात. कंपनी बदलल्यानंतर आठवडाभराने ती यादी पाहावी. अनोळखी क्रमांक दिसला तर 'हा माझा नाही' अशी नोंद तेथेच करता येते. सीमाभागात एका राज्याचे सिम दुसऱ्या राज्यात वापरले जाणे इतके सर्रास आहे, की असा क्रमांक गैरकामात वापरला गेल्यास तो कोठून फिरला हे शोधणे जड जाते आणि पहिली विचारणा ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याकडे होते.

कंपनी बदलण्याचा हक्क कायद्याने सोपा केला आहे. संकेतांक काही क्षणांत मिळतो. पण त्या हक्काची आखणी, क्रमांक घेतलेल्या राज्यातच माणूस राहतो, असे धरून झालेली दिसते. बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर ते खरे नाही. येथील ग्राहकासाठी कर्नाटकातील दुकानांनी नवे सिम देताना रोमिंगचा पर्याय चालू करून दाखवला आणि कंपन्यांनी स्वागताच्या संदेशात ही एक ओळ कन्नडबरोबर मराठीतही घातली, तर निम्म्या चकरा वाचतील. तोपर्यंत बांधावर उभे राहून `Data roaming` चालू आहे का, हे ज्याचे त्यानेच पाहायचे आहे.